स्क्रीनशॉटमध्ये न मावणारा गुन्हा

शिक्षकाने विद्यार्थिनीला खासगीत पाठवलेल्या मेसेजचे प्रकरण घरात उघडकीस आले की पहिली कृती बहुधा ठरलेली असते. आई किंवा मोठा भाऊ मुलीच्या हातातून फोन घेतो, बोटाने मजकूर वर सरकवत जातो, आणि सगळ्यांत वाईट वाटेल त्या ओळीवर थांबून तिचा स्क्रीनशॉट काढतो. तो नातेवाइकांना, ओळखीच्या वकिलाला आणि मुख्याध्यापकांना पाठवला जातो. पुढची सारी चर्चा त्या एका ओळीभोवती फिरते. ओळ उघडउघड अश्लील असेल तर प्रश्न नसतो. पण बहुतेक वेळा ती तशी नसते. मग समोरचा माणूस शांतपणे विचारतो, "यात नेमके वाईट काय आहे?" आणि घरच्यांना उत्तर सापडत नाही.

उत्तर न सापडण्याचे कारण घरच्यांच्या भाबडेपणात नाही. अशा पत्रव्यवहारातला अपराध क्वचितच एका ओळीत असतो. तो ओळींच्या क्रमात, त्यांच्या वेळांत, संबोधनांत आणि पुसलेल्या जागांत असतो. स्क्रीनशॉट नेमक्या याच गोष्टी कापून टाकतो. आपण जतन करतो ती वस्तू आणि सिद्ध करायची असते ती गोष्ट यांत अंतर पडते, आणि तक्रार त्या अंतरात बुडते. प्रस्तुत लेखात या अंतराचा विचार केला आहे. मी वकील नाही. गेली काही वर्षे निकालपत्रे आणि कायद्याची मूळ कलमे वाचत आलो आहे, आणि एखादा मजकूर वाचताना संदर्भ सोडू नये हा आपल्या समीक्षेचा साधा नियम तिथेही लागू पडतो, असे माझे मत झाले आहे. विवेचन अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांपुरते आहे. सोयीसाठी 'मुलगी' म्हटले असले तरी पॉक्सो कायद्यातील 'बालक' या शब्दात मुलगाही येतो, आणि मुलग्यांच्या बाबतीत घरे अधिक काळ गप्प बसतात.

एका नमुन्याचे वाचन

पुढचा नमुना मी अभ्यासासाठी रचलेला आहे. तो कुणा एका मुलीचा नाही. तालुक्याच्या गावातील खासगी शिकवणी, दहावीची विद्यार्थिनी, वय पंधरा. शिकवणीचा व्हॉट्सअ‍ॅप गट आहेच. त्याशिवाय सरांकडून तिला स्वतंत्र मेसेज येतात.

१७ जून, संध्याकाळी ७.१०: "उद्याचा क्लास पाचऐवजी सहाला."
२ जुलै, रात्री ८.४५: "आज तो प्रश्न तू एकटीनेच बरोबर सोडवलास. शाब्बास बाळा."
९ जुलै, ९.५०: "झोपलीस का? तुला काही विचारायचं होतं ना?"
१४ जुलै, १०.३०: "क्लासमध्ये सर. इथे सर म्हणायची गरज नाही."
१९ जुलै, ११.२०: "डीपी छान आहे."
२४ जुलै, ११.४० नंतर: पाठवून काढून टाकलेले तीन मेसेज.
२४ जुलै, ११.५२: "वाचलंस ना? आता तूही चॅट क्लिअर कर. लोकांची मनं लहान असतात."
१ ऑगस्ट, ११.०५: "उत्तर नाही. रागावलीस? टेस्टचे मार्क अजून भरायचे आहेत मला."

यातली कुठली ओळ घरचे निवडतील? बहुधा 'डीपी छान आहे' ही. आणि शिक्षक म्हणेल, मुलीसारखी आहे, सहज कौतुक केले. ती ओळ एकटी उभी केली तर तिचे म्हणणे खोडता येत नाही.

आता हाच मजकूर क्रमाने वाचू. पहिली खूण वेळेची. संध्याकाळी सातला सुरू झालेला व्यवहार पाच आठवड्यांत रात्री साडेअकरापलीकडे गेला आहे. दुसरी खूण संबोधनाची. मराठीत नाते सर्वनामावरून आणि हाकेवरून कळते. आधी हाकच नाही, मग 'बाळा', मग 'सर म्हणू नकोस'. म्हणजे पदाचे अंतर पुसण्याचा आग्रह पद असलेला माणूस करतो आहे, आणि तोही फक्त 'इथे', खासगीत. क्लासमध्ये 'सर' कायम आहे. तिसरी खूण पुढाकाराची. आठही नोंदींत बोलणे तोच सुरू करतो. 'तुला काही विचारायचं होतं ना' या वाक्यात तो स्वतःचा पुढाकार तिच्या नावावर टाकतो. चौथी खूण गुप्ततेची. गणिताच्या शंकेवरचे उत्तर कुणी पुसायला सांगत नाही. पाचवी खूण सत्तेची. ऑगस्टच्या मेसेजमध्ये 'उत्तर नाही' आणि 'मार्क भरायचे आहेत' ही दोन वाक्ये शेजारी ठेवली आहेत. धमकी कुठल्याच वाक्यात नाही. ती त्या शेजारात आहे.

मुलीची उत्तरेही मजकुराचा भाग आहेत. ती 'हो सर', 'ओके सर', हात जोडल्याची खूण, एखादे 'हाहा' अशी असतात. घरचे ती लपवू पाहतात, कारण 'तीही बोलत होतीच की' हा आरोप त्यांना आधीच ऐकू येत असतो. लपवू नयेत. अठरा वर्षांखालील मुलीची संमती या कायद्यात बचाव होत नाही. शिवाय 'सर म्हणू नकोस' असे सांगितल्यावरही तिने पुढे प्रत्येक उत्तरात 'सर'च लिहिले असेल, तर ते अंतर तिने शेवटपर्यंत राखले याचा तो लेखी पुरावा आहे. उत्तरे कापणारा स्क्रीनशॉट मुलीच्याच बाजूचा साक्षीदार कापतो.

याला जोडून शिकवणीच्या गटावरचा मजकूरही जपावा. १७ जूनची वेळबदलाची सूचना गटावर गेली होती का? गेली असेल, तर तीच सूचना एका मुलीला वेगळी पाठवण्याचे कारण काय, हा प्रश्न तिथून उभा राहतो.

कायदा काय वाचायला सांगतो

लोकांचा समज असा की कायदा फक्त अश्लील शब्द ओळखतो. मूळ कलम तसे नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पॉक्सो, याच्या कलम ११ मध्ये लैंगिक छळाचे सहा प्रकार दिले आहेत. त्यांतला चौथा प्रकार असा की लैंगिक हेतूने एखाद्या बालकाचा वारंवार पाठलाग करणे, त्याच्यावर नजर ठेवणे किंवा प्रत्यक्ष अथवा इलेक्ट्रॉनिक साधनाने त्याच्याशी वारंवार संपर्क साधणे. 'वारंवार' हा शब्द इथे कळीचा आहे. एका स्क्रीनशॉटने वारंवारता सिद्ध होऊच शकत नाही. कायदा क्रम मागतो आणि आपण ओळ देतो.

उरतो हेतू. तो मनातला, मग दाखवायचा कसा? कलम ११ च्या स्पष्टीकरणात लैंगिक हेतू आहे की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न मानला आहे. म्हणजे तो परिस्थितीवरून ठरतो. त्यापुढे कलम ३० आहे. ज्या अपराधात दोषी मनःस्थिती आवश्यक असते, तिथे ती होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे, आणि ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचे. मात्र कलम २९ मधले गृहीतक, की अपराध घडलाच असे धरून चालायचे, ते शारीरिक अपराधांच्या कलमांना आहे. कलम ११ ला नाही. याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. मेसेज कोणी, कोणाला, केव्हा आणि किती वेळा पाठवले ही पायाभूत वस्तुस्थिती फिर्यादीच्या बाजूने भक्कम उभी करावी लागते. ती उभी राहिली की हेतूचे ओझे पलीकडे जाते. पाया कच्चा राहिला तर कलम ३० पर्यंत पोचताच येत नाही.

या कायद्यावर माझा एक गंभीर आक्षेप आहे. शारीरिक हल्ल्याच्या बाबतीत आरोपी शैक्षणिक संस्थेचा माणूस असेल तर कलम ५ आणि ९ तो अपराध अधिक गंभीर मानतात आणि शिक्षा वाढवतात. लैंगिक छळाला अशी वाढीव पायरीच ठेवलेली नाही. कलम १२ ची शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षे आणि दंड. अनोळखी माणसाने पाठवलेला मेसेज आणि ज्याच्या हाती मार्क आहेत त्याने पाठवलेला मेसेज, दोन्ही एकाच तागडीत. आपल्या नमुन्यात शेवटचा मेसेज धमकी ठरतो तो पाठवणाऱ्याच्या पदामुळे. स्पर्शाच्या बाबतीत जे पद कायद्याने मोजले, ते शब्दांच्या बाबतीत मोजायचे सोडून दिले. शब्द हीच शिक्षकाची नेहमीची साधने असताना ही उणीव लहान नाही.

जतन कसे करावे

पहिला धोका घरातच असतो. संतापाने फोन आपटणे, सिम मोडणे, फोन फॉर्मॅट करणे, मुलीला सगळे पुसायला लावणे हे प्रकार नेहमीचे आहेत. त्याहून कमी ओळखला जाणारा धोका म्हणजे मुलीच्या फोनवरून वडिलांनीच सरांना उत्तर लिहिणे. शिव्या देणे, किंवा 'पुढे काय म्हणतो पाहू' म्हणून मुलीच्या नावाने बोलणे चालू ठेवणे. यानंतर त्या संवादातली कुठली ओळ मुलीची आणि कुठली वडिलांची हे सांगणे अवघड होते, आणि उलटतपासणीत तेवढे पुरते. कळल्यावर त्या फोनवरून एक अक्षरही पाठवू नये.

दुसरा धोका समोरून येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला मेसेज 'सर्वांसाठी' काढून टाकण्यास सुमारे अडीच दिवस मिळतात आणि दुरुस्त करण्यास पंधरा मिनिटे. म्हणून आधी सरांना जाब विचारणे म्हणजे ताजे मेसेज पुसण्याची सूचना देणे. हाती घेतल्यावर फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि वाय-फाय बंद आहे याची खात्री केली की पुसण्याचा आदेश त्या फोनपर्यंत पोचत नाही. मात्र आपोआप नाहीसे होणारे मेसेज सुरू केलेले असतील, तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस यांपैकी जी मुदत ठेवली असेल ती फोनमध्ये चालूच राहते. तिथे त्याच क्षणी चित्रण करणे हाच उपाय. काढून टाकलेल्या मेसेजच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप तशी नोंद ठेवते. त्या रिकाम्या नोंदीही पुरावाच आहेत, आणि आपल्या नमुन्यात तर 'वाचलंस ना?' या प्रश्नाला अर्थ त्या तीन रिकाम्या जागांमुळेच येतो. इन्स्टाग्रामवर मात्र मागे घेतलेल्या मेसेजची खूणही राहत नाही.

तिसरी गोष्ट ओळखीची. मुलीने नंबर 'मॅथ्स सर' या नावाने साठवला असेल तर पडद्यावर तेच नाव दिसते. नाव तर कोणीही कोणत्याही नंबराला देऊ शकतो. बचावपक्षाचा पहिला हल्ला इथेच असतो. म्हणून चित्रण सुरू करताना आधी त्या संपर्काची माहिती उघडावी, पूर्ण मोबाइल नंबर आणि प्रोफाइलचा फोटो दिसू द्यावा, मग मागे येऊन अगदी पहिल्या मेसेजपासून शेवटपर्यंत सावकाश सरकत जावे. हे दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने, मध्ये न थांबता केले तर उत्तम. मजकूर वर सरकवताना तारखांच्या पट्ट्या सुटू देऊ नयेत. तोच नंबर शिकवणीच्या पावतीवर, माहितीपत्रकावर किंवा गटाच्या प्रशासकाच्या नावापुढे छापलेला असेल तर तो कागद जपावा. नंबर आणि माणूस यांना जोडणारा दुवा म्हणून त्याचे मोल स्क्रीनशॉटपेक्षा अधिक आहे.

संवाद 'एक्स्पोर्ट' करण्याची सोय आहे आणि तिचा उपयोगही आहे. पण तिच्या मर्यादा समजून घ्याव्यात. त्यातून निघते ती साधी मजकुराची फाइल. ती कोणालाही उघडून बदलता येते, आणि तिच्यातही साठवलेलेच नाव येते. ती वाचायला सोयीची प्रत आहे; मूळ फोनची जागा ती घेत नाही. तसेच व्हॉट्सअ‍ॅपवर त्या नंबराविरुद्ध 'रिपोर्ट' करताना चॅट पुसण्याचा पर्यायही समोर येतो. तो निवडला गेला की आपल्याच हाताने सारे जाते.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक. मजकुरात मुलीचे उघडे छायाचित्र असेल, मग ते धाकाने मागवून घेतलेले का असेना, तर ते कोणालाही पुढे पाठवू नये. नातेवाइकाला नाही, वकिलाला नाही, मुख्याध्यापकांनाही नाही. बालकाचे असे चित्र पाठवणे हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली अपराध आहे, आणि २०२४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने असे चित्र जवळ बाळगण्याविषयीचे पॉक्सोचे कलम १५ ही कडकपणे वाचले आहे. अशा वेळी फोन तसाच बंद करून पोलिसांच्या हाती द्यावा. राग कितीही रास्त असला तरी पालकांच्या गटावर स्क्रीनशॉट फिरवणे हेही याच कारणाने टाळावे; मुलीची ओळख त्यातून कायमची उघडी पडते.

फोन की छापील कागद

स्क्रीनशॉटचे प्रिंट काढून फाइल बनवली की पुरावा झाला, असे अनेकांना वाटते. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात एकदा आपल्या जालन्यातून गेला होता. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नाही यावर वाद झाला. पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातले चित्रीकरण पुढे आले, आणि त्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र अधिकाऱ्यांकडून मिळेना. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी निकाल आला. त्याचा आपल्यापुरता सारांश असा. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात आणून दाखवले तर प्रमाणपत्र लागत नाही. प्रत, छापील कागद किंवा पेनड्राइव्ह द्यायचा असेल तर ते सक्तीचे आहे.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. त्याचा भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने भरायचा आणि भाग 'ब' तज्ज्ञाने. फोनची बनावट, मॉडेल, आयएमईआय क्रमांक लिहायचा आणि फाइलचे हॅश मूल्य द्यायचे. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे नंतरची ढवळाढवळ लपत नाही. तत्त्व म्हणून हे चांगलेच आहे. परंतु परांड्याच्या किंवा सुरगाण्याच्या पालकाने भाग 'ब' साठी तज्ज्ञ कुठून आणायचा, याचे उत्तर नमुन्यात नाही. म्हणून अशा घरांसाठी सर्वांत स्वस्त आणि भक्कम पुरावा मूळ फोन हाच राहतो. तो पोलिसांनी पंचनामा करून जप्त केला की प्रयोगशाळेची आणि प्रमाणपत्राची पुढची जबाबदारी तपास यंत्रणेकडे जाते.

इथे घरे कचरतात, आणि त्याला कारण आहे. फोन मुद्देमालात गेला की लवकर परत येत नाही. बऱ्याचदा तो घरातला एकच चांगला फोन असतो, आईच्या नावावरचा, आणि त्यावरच मुलीचा अभ्यास. न्यायालयात अर्ज करून फोन सुपूर्तनाम्यावर परत मागता येतो. प्रयोगशाळेत प्रत काढून झाल्यावर तो मिळणे सोपे जाते. देण्यापूर्वी *#०६# हा क्रमांक फिरवून आयएमईआय वहीत लिहून घ्यावा आणि जप्ती पंचनाम्यात तोच आहे का हे सही करण्याआधी ताडून पाहावे. फोन आईचा असेल आणि मुलगी तो वापरत असेल, तर जबाबात ते पहिल्या दिवशीच स्पष्ट लिहून द्यावे. मागाहून सांगितले तर ते सारवासारव वाटते.

मात्र एक गल्लत टाळली पाहिजे. हे सारे नियम खटल्यात पुरावा दाखल करण्याचे आहेत. तक्रार नोंदवून घेण्याची ही अट नाही. 'आधी प्रमाणपत्र आणा' असे ठाण्यात कोणी म्हणाले, तर ते कायद्यात नाही.

तक्रार कोणाकडे

शाळेतला शिक्षक असेल तर पालक आधी शाळेत जातात. तिथे एक दस्तऐवज जन्माला येतो, त्याचे नाव माफीनामा. त्याची भाषा सर्वत्र सारखी असते: 'माझ्या मेसेजमुळे गैरसमज झाला असल्यास दिलगीर आहे.' हे वाक्य नीट वाचले तर त्यात कर्ता नाही आणि कृती नाही. जे घडले ते 'गैरसमज', म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात. आणि तेही 'असल्यास'. या कागदावर प्रकरण मिटते, शिक्षक राजीनामा देतो, अनुभवाचा दाखला घेतो आणि दुसऱ्या गावी रुजू होतो.

पण त्या कागदाची दुसरी बाजू पाहावी. शाळेला अमुक तारखेला माहिती होती, हे तो सिद्ध करतो. पॉक्सोचे कलम १९ सांगते की असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचे आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा अपराध दडवल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. शाळेची अंतर्गत चौकशी हा याला पर्याय नाही. राजुऱ्याच्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात न कळवल्याबद्दलचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेच्या व्यवस्थापनावरही हेच कलम लागले. तेव्हा शाळेला अर्ज द्यायचाच असेल तर दोन प्रतींत द्यावा, आपल्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि माफीनाम्याची छायाप्रत मागून ठेवावी. त्याच दिवशी पोलिसांकडेही जावे. खासगी शिकवणीत तर शिक्षकच मालक असतो. तिथे वर कोणी नाहीच, दार एकच आहे.

कलम १९ मधल्या 'शक्यता वाटणे' या शब्दांकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. सर्वांत वाईट ओळ येईपर्यंत थांबा, असे कायदा म्हणत नाही. आपल्या नमुन्यातील १ ऑगस्टच्या आधी, २४ जुलैला 'चॅट क्लिअर कर' वाचल्यावरच कळवता आले असते. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दायित्व येत नाही, असे कलम १९ च्या सातव्या पोटकलमात लिहिले आहे. पोलिसांनी नोंद क्रमांक द्यायचा, लिहिलेले वाचून दाखवायचे आणि चोवीस तासांत बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे. मुलीचा जबाब घरी किंवा ती सांगेल तिथे, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा. हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहिता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. १०९८ वर फोन करता येतो, cybercrime.gov.in वर नोंदही करता येते. मात्र संकेतस्थळावरची नोंद म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवावे.

तक्रारीचा मजकूर लिहितानाही स्क्रीनशॉटची सवय सुटत नाही. 'सरांनी घाणेरडे मेसेज केले' असे एक वाक्य लिहिले जाते. त्याऐवजी तारीखवार लिहावे: पहिला मेसेज कधी, एकूण किती दिवस, रात्री दहानंतर किती, संबोधन कधी बदलले, पुसायला कधी सांगितले, मार्कांचा उल्लेख कधी आला, मुलीने घरी कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितले. तिचे शब्द तिचेच ठेवावेत, आणि ते पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नयेत. दर वेळी थोडा बदल होतो, आणि तो बदल पुढे खोटेपणा म्हणून दाखवला जातो.

शेवटी मिटवामिटवीचा दबाव. लग्नाचे वय होईल, दहावीचे वर्ष आहे, माणूस पाया पडतो आहे. राजस्थानातील एका शिक्षकाच्या प्रकरणात पालकांशी तडजोड झाली म्हणून उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला होता. तो आरोप प्रत्यक्ष हल्ल्याचा होता. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूला सारला: असा अपराध दोन कुटुंबांतील खासगी तंटा नाही, आणि म्हणून तो आपसांत मिटवता येत नाही. मेसेजच्या प्रकरणांनाही हे तत्त्व लागू करून पाहावे. त्या आठ नोंदींतला शिक्षक त्याच संध्याकाळी सहाला उरलेल्या मुलींना शिकवत असतो, आणि त्यांच्यापैकी कुणाला १७ जूनसारखा साधा मेसेज नुकताच आलेला असू शकतो.